फोटोत दिसलेली खळी आणि सोलापुरातली आई

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये असते. सोलापूरला आई एकटी राहते, वय ६१. महिन्याभरापासून उजव्या स्तनावर खळी पडल्यासारखं दिसतंय म्हणाली आणि मी मागितल्यावर फोटो पाठवला. एका फोटोत खळी दिसते, दुसऱ्यात काहीच दिसत नाही. हाताला गाठ लागत नाही, दुखत नाही. "गड्डा यात्रा झाली की बघू" असं तिचं म्हणणं आहे. काय करू?

उत्तर: यात्रेची वाट पाहू नका. या आठवड्यात सर्जनची वेळ घ्या आणि पुढच्या दोन आठवड्यांत तपासण्या होतील असं बघा. रात्रीतून धावपळ करण्यासारखं हे नाही, पण अंगावर काढण्यासारखंही नाही.

दोन फोटोंत फरक का, ते आधी समजून घ्या. त्वचेपासून आतपर्यंत बारीक तंतूंचे पट्टे असतात, तेच स्तनाला धरून ठेवतात. आत कुठे घट्ट, आकसणारा भाग तयार झाला की तो या पट्ट्यांना ओढतो आणि त्यांच्याबरोबर वरची त्वचा आत जाते. हात खाली सैल असताना ही ओढ लपते. हात वर केले किंवा कमरेवर दाबले की ताण येतो आणि खळी उघडी पडते. म्हणजे दुसऱ्या फोटोत ती नाही, याचा अर्थ ती गेली असा होत नाही. कदाचित त्या फोटोत हात खाली होते, किंवा समोरून फ्लॅश पडून सावलीच पुसली गेली. काही मोबाइलमधले त्वचा गुळगुळीत करणारे फिल्टरही नेमकं हेच लपवतात.

फोटो पुन्हा काढायचाच असेल तर एकदाच, नीट काढायला सांगा. घट्ट ब्लाउज किंवा ब्रा काढून वीसेक मिनिटं जाऊ द्या, म्हणजे शिवणीचे वळ निघून जातील. खिडकीचा उजेड एका बाजूने पडेल अशी उभी राहू दे. दोन्ही स्तन एकाच चौकटीत हवेत, कारण तुलना करूनच फरक कळतो. चार फोटो पुरे: हात खाली सोडून, हात डोक्यावर, हात कमरेवर जोरात दाबून, आणि थोडं पुढे वाकून. मागचा कॅमेरा वापरा. सेल्फी कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटं होऊ शकतं, म्हणून बाजू शब्दांत लिहून घ्याच. फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर जाणार नाही आणि नातवंडांच्या टॅबमधल्या गॅलरीत आपोआप उतरणार नाही, हेही बघा.

फोटोचं काम मात्र इतकंच: काहीतरी बदललं आहे हे डॉक्टरांना दाखवणं. त्यावरून "काही नाही" असं कोणी सांगू शकत नाही, मग ते तुमच्या ओळखीतले डॉक्टर का असेनात. फोटो चांगला आला नाही म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.

आईला फोनवर चार गोष्टी विचारा. स्तनाग्र पूर्वीपासून आत आहे का? तरुणपणापासून दोन्हीकडे तसंच असेल आणि बोटांनी हलकेच दाबल्यावर बाहेर येत असेल, तर सहसा चिंता नसते. पण अलीकडे एकाच बाजूचं आत ओढलं गेलं असेल किंवा त्याची दिशा बदलली असेल, तर तपासणी हवीच. दुसरं, स्तनाग्रावर खपली, खाज किंवा ओल आहे का? साधा इसब बहुधा भोवतालच्या काळ्या वर्तुळावर आणि पुष्कळदा दोन्हीकडे असतो. एकाच स्तनाग्रावर सुरू होऊन बाहेर पसरणारं, मलमाने न हटणारं चट्टं म्हणजे वेगळं काही असू शकतं. तिसरं, न दाबता स्राव येतो का, विशेषतः रक्ताळलेला? चौथं, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी जाड, छिद्रं उठून दिसणारी झाली आहे का? लाली, सूज आणि गरमपणा असेल तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा. जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविकं दिली आणि सात ते दहा दिवसांत पूर्ण उतार पडला नाही, तर त्याच औषधाची दुसरी पट्टी न घेता पुढच्या तपासण्या मागा.

खळी म्हणजे कर्करोगच असं नाही. मार लागून चरबीचा भाग मरून आकसतो, जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण ओढतो, दुधाच्या नळ्यांना सूज येऊन गेल्यावरही त्वचा आत जाते. पण बाहेरून हे वेगळं ओळखता येत नाही. "गाठ लागत नाही" यावरही विसंबू नका. काही कर्करोग गोळा न होता ओळीओळीने पसरतात, ते बोटांना लागत नाहीत आणि मॅमोग्राफीतही निसटू शकतात.

म्हणून तपासणी तीन पायऱ्यांची असते: डॉक्टरांनी हाताने दोन्ही स्तन आणि काखा तपासणं, मग मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, आणि गरज पडली तर सुईने तुकडा काढणं. क्रम हाच ठेवा. आधी सुई टोचली तर आत रक्त साकळून चित्र धूसर होतं. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावू नये, कारण त्याचे कण फिल्मवर ठिपक्यांसारखे दिसतात. खळी कुठे आहे ते आईने तंत्रज्ञाला बोट ठेवून दाखवावं. आणि रिपोर्ट "नॉर्मल" आला पण खळी डोळ्यांना दिसतेच आहे, तर प्रकरण तिथे मिटत नाही. "मग ही ओढ कशामुळे?" असं सर्जनला विचारा.

इथे एक चूक वारंवार होते: "छोटी गोष्ट आहे, काढून टाकू." निदानाआधी कापून काढू देऊ नका. कर्करोग निघाला तर कापलेल्या भागाच्या कडेपर्यंत रोग उरला होता का, हे बऱ्याचदा नीट कळत नाही आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. आधी जाड सुईची बायोप्सी मागा. बारीक सुईने फक्त पेशी येतात, जाड सुईने तुकडा येतो आणि त्यावरच उपचार ठरवायला लागणाऱ्या हार्मोन व हर-टू या चाचण्या नीट होतात. सुई लावल्याने रोग पसरतो, ही भीती आईच्या मनात असणार. तसं होत नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा.

सोलापुरात सुरुवात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सिव्हिल हॉस्पिटलमधल्या सर्जरी ओपीडीत किंवा स्तनांचं काम करणाऱ्या खासगी सर्जनकडे करता येईल. कर्करोगाचंच रुग्णालय हवं असेल तर बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय जिल्ह्यातच आहे, सुमारे ७० किलोमीटरवर. पुढे मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयाचं मत घ्यायचं ठरलं, तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी पोहोचता येतं.

आईबरोबर मावशी, वहिनी किंवा शेजारची विश्वासातली बाई जाऊ दे. बऱ्याच आया परपुरुष डॉक्टरसमोर नीट बोलत नाहीत. तेव्हा स्त्री सर्जन किंवा किमान खोलीत नर्स असावी, असं वेळ घेतानाच सांगा. हिवाळ्यात भारताची वेळ इंग्लंडच्या साडेपाच तास पुढे असते. सोलापुरात सकाळी अकराची वेळ मिळाली तर तुमच्याकडे साडेपाच वाजलेले असतील; उठा आणि डॉक्टरांच्या परवानगीने कॉलवर राहा. बायोप्सी झालीच तर रिपोर्टच्या कागदाबरोबर काढलेला तुकडा ज्यात जपलेला असतो ते मेणाचे ब्लॉक आणि त्याच्या काचपट्ट्याही लॅबकडून मागून घरी ठेवायला सांगा. दुसरं मत घेताना रुग्णालय तेच मागतं.