काच आणि पितळ ट्रकने पाठवताना

पुण्याहून बेंगळुरूला घर हलवतोय. काचेचे ग्लास आणि आजीची पितळी भांडी कशी बांधू?

दोन्ही एका खोक्यात नकोत. पितळेच्या वजनाने काच जाते. ग्लाससाठी लहान खोकं घ्या, तळाशी चुरगळलेल्या कागदाचा दोनेक इंच थर द्या. प्रत्येक ग्लासात कागद भरून, बाहेरून गुंडाळून तो उभाच ठेवा. आडव्या ग्लासाची बाजू दाबाने तडकते. बंद खोकं हलकेच हलवा. खुळखुळलं तर अजून कागद कोंबा.

पितळेचा शत्रू ओल. भांडी उन्हात कडकडीत वाळवून जुन्या सुती साडीत गुंडाळा, नाहीतर हिरवे डाग पडतात. समईचे भाग सुटे करा. हे खोकं ट्रकमध्ये सगळ्यात खाली, काचेचं वर.