परीक्षणात कवितेच्या ओळी दिल्या, म्हणून नोटीस

प्रश्न : एका कवितासंग्रहाचं परीक्षण मी आमच्या मासिकात लिहिलं. साधारण १५०० शब्दांच्या लेखात चार कवितांमधल्या मिळून २२ ओळी दिल्या आणि आठ ओळींची एक कविता पूर्ण छापली. परीक्षण फारसं अनुकूल नव्हतं. आता प्रकाशकांच्या वकिलाची नोटीस आली आहे : परवानगी न घेता मजकूर वापरला, १५ दिवसांत ५०,००० रुपये भरा आणि माफी छापा. पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग छापू नये’ असं लिहिलेलंही आहे. पैसे भरून मोकळा होऊ का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पैसे भरू नका आणि माफीही छापू नका. पण नोटिशीला उत्तर मात्र मुदतीत द्या.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(अ) प्रमाणे टीका किंवा परीक्षणासाठी एखाद्या कृतीचा रास्त वापर केला, तर तो कॉपीराइटचा भंग ठरतच नाही. भंग झाला पण माफ केला, असा याचा अर्थ नाही. परवानगीचा प्रश्न भंग असेल तिथेच येतो. म्हणून आतल्या पानावरच्या त्या ओळीनं घाबरू नका. कायद्यानं वाचकाला दिलेली मोकळीक प्रकाशकाला एकतर्फी सूचना छापून काढून घेता येत नाही.

मात्र ‘रास्त’ म्हणजे किती, हे कायद्यात लिहिलेलं नाही. दहा टक्के चालतात, दोनशे शब्द चालतात, असं लोक सांगतात. त्याला आधार नाही. केरळ उच्च न्यायालयानं १९९६ मध्ये सिविक चंद्रन खटल्यात तीन गोष्टी पाहिल्या. टीकेच्या मानानं किती आणि काय घेतलं, कशासाठी घेतलं, आणि नवं लेखन मूळ कृतीशी स्पर्धा करेल का. तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या नाटकात मूळ नाटकातला बराच मजकूर होता. तरीही तो टीकेसाठी घेतला आहे, हे मान्य करून न्यायालयानं प्रयोगावरची मनाई उठवली.

तुमच्या २२ ओळींची मला काळजी नाही. विचार करावा लागतो तो त्या आठ ओळींचा. प्रकाशकाचा वकील म्हणेल की संग्रहातली प्रत्येक कविता ही स्वतंत्र कृती आहे, आणि तुम्ही ती शंभर टक्के उचलली. हा मुद्दा पोकळ नाही. पण याचं उत्तर १९७२ च्या हबर्ड विरुद्ध व्होस्पर या इंग्लंडमधल्या निकालात आहे, ज्याचा आधार आपली न्यायालयंही घेतात. थडग्यावरचा बारा-वीस शब्दांचा लेख असेल, तर टीका करणाऱ्यानं तो पूर्ण दिला तरी चालेल, असं तिथे म्हटलं आहे. कृती इतकी छोटी असेल, तर तुकडा देऊन तिच्याबद्दल काही बोलताच येत नाही. त्याच निकालात लॉर्ड डेनिंग म्हणतात की लांब उतारे आणि त्रोटक भाष्य हे अन्याय्य ठरू शकतं, आणि छोटे उतारे व सविस्तर भाष्य हे रास्त असू शकतं.

तेव्हा मासिकाचा अंक समोर घ्या आणि त्या कवितेच्या ओळी हातानं झाकून तुमचं भाष्य वाचा. ‘पाचव्या ओळीत लय तुटते’ असं काही तुम्ही लिहिलं असेल आणि ओळ दिसत नसल्यामुळे ते कळत नसेल, तर कविता देणं गरजेचं होतं. आता उलट करा, भाष्य झाका. उरलेल्या ओळी वाचून ‘आता संग्रह घ्यायला नको’ असं कोणाला वाटेल का? ३० ओळींनी ते होणार नाही. मात्र कवितेखाली ‘वाचनीय’ एवढंच लिहून तुम्ही पुढे गेला असाल, तर तेवढ्यापुरती तुमची बाजू लंगडी आहे. मला तसं कळवा, मग उत्तराचा मसुदा बदलावा लागेल.

परीक्षण वाचून विक्री घटली, हे नुकसान कॉपीराइटच्या हिशेबात येत नाही. मूळ पुस्तकाऐवजी तुमचा लेख घेऊन लोकांचं काम भागलं, तरच ते येतं. प्रतिकूल मताला धाक दाखवण्यासाठी अशा नोटिशा जातात, आणि नवे समीक्षक पैसे भरून गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

उत्तरात तीन गोष्टी लिहा. वापर परीक्षणासाठी होता आणि कलम ५२(१)(अ) मध्ये बसतो. कवी व संग्रहाचं नाव लेखात दिलं होतं. या कलमात तशी अट लिहिलेली नाही, पण त्यातून तुमचा प्रामाणिकपणा दिसतो. आणि कॉपीराइट प्रकाशकाकडे असल्याचा लेखी करार दाखवा, अशी मागणी करा. अनेक संग्रहांवर कॉपीराइट कवीच्याच नावे असतो, तेव्हा तुमच्या प्रतीचं आतलं पान आधी तपासा. मुखपृष्ठाचं चित्र छापलं असेल, तर त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडे असू शकतो, तेही कळवा.

उत्तर स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपून ठेवा. धमक्या थांबल्या नाहीत आणि ते दावाही लावत नसतील, तर कलम ६० खाली निराधार धमकीविरुद्ध तुम्हालाच जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो.