'गहाळ' लिहिलेला मोबाईल आणि न मिळालेली पोच

प्रश्न: मॅडम, मंगळवारी संध्याकाळी एसटी स्टँडवर गाडीत चढताना पर्सच्या चेनच्या कप्प्यातून माझा मोबाईल गेला. मैत्रिणीच्या फोनवरून रिंग दिली, तर कुणीतरी उचलला आणि लगेच बंद केला. बुधवारी त्याच नंबरचे नवे सिम घेतले आणि गुरुवारी पोलीस ठाण्यात गेले. तिथे छापील फॉर्मवर 'गहाळ' लिहून माझी सही घेतली. मी नेलेला अर्ज ठेवून घेतला, पण प्रत दिली नाही. विमा कंपनी एफआयआर मागते आहे. आता काय करू?

उत्तर: आधी तुमचा जीव थोडा हलका करते. 'गहाळ'वर सही झाली म्हणून चोरीची तक्रार देण्याचा तुमचा हक्क संपलेला नाही. पण आता नवा अर्ज करावा लागेल, आणि त्यात पहिल्या सहीबद्दल स्वतःहून लिहावे लागेल. ती लपवली तर पुढे तीच तुमच्या विरोधात दाखवली जाईल.

'गहाळ' आणि 'चोरी' या दोन शब्दांवर सगळे अडलेले आहे. गहाळ म्हणजे वस्तू तुमच्या हातून कुठेतरी राहिली. त्यात गुन्हा नाही, त्यामुळे तपासही नाही. एक नोंद होते आणि दाखला मिळतो. चोरी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 303(2) खालचा गुन्हा आहे. तुमच्या हकिकतीत चोरी दाखवणाऱ्या दोन ठोस गोष्टी आहेत: चेन लावलेल्या कप्प्यातून फोन गेला, आणि नंतर कुणीतरी तो उचलून बंद केला. पडलेला फोन सापडलेला माणूस सहसा 'हा कुणाचा?' असे विचारतो. अर्जात 'चोरी झाली' हा शब्द हवाच, पण त्याला उभे करतात ते हे तपशील. ज्याला पाहिले नाही त्याच्यावर संशय घेऊ नका. 'कोणावरही संशय नाही, अज्ञात इसमाने' एवढे पुरेसे आहे.

आणखी एक जागा आहे जिथे लोक नकळत अडकतात, ती म्हणजे किमतीची. चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, तर नव्या कायद्यात तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो. मग एफआयआरऐवजी एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद होते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. समोरचा अंमलदार 'जुना फोन आहे, लिहा तीन हजार' म्हणाला आणि तुम्ही मान हलवली, तर तिथेच प्रकरण बदलते. म्हणून बिलाची रक्कम आणि आजची खरी अंदाजे किंमत, दोन्ही लिहा. किंमत फुगवू मात्र नका, कारण बिल जोडायचेच आहे.

अर्ज साध्या कागदावर, ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांच्या नावे. समजा फोन 14 महिन्यांपूर्वी 16,499 रुपयांना घेतला होता. तर मजकूर साधारण असा होईल. तारखा, वेळा, गाडी आणि आकडे तुमचे घाला:

"विषय: मोबाईल चोरीबाबत गुन्हा नोंदवून एफआयआरची प्रत मिळणेबाबत.

मंगळवार दि. 10 रोजी सायंकाळी 6.10 वाजता मी एसटी स्टँडवर आले. 6.25 वाजता मोबाईलवरून घरी बोलून तो पर्सच्या चेनच्या कप्प्यात ठेवला व चेन लावली. 6.40 वाजता फलाट क्र. 3 वरून गाडीत चढताना मोठी गर्दी होती. 6.50 वाजता तिकिटासाठी पर्स घेतली असता चेन उघडी दिसली व मोबाईल नव्हता. 6.55 वाजता मैत्रिणीच्या मोबाईलवरून फोन केला असता तो उचलून लगेच बंद करण्यात आला. तेव्हापासून तो बंद आहे. बुधवारी सकाळी मी सिम बंद करून त्याच क्रमांकाचे नवे सिम घेतले, त्यामुळे गुरुवारी ठाण्यात आले. त्या वेळी छापील फॉर्मवर 'गहाळ' अशी नोंद होऊन माझी सही घेण्यात आली. वस्तुतः मोबाईल हरवलेला नसून अज्ञात इसमाने चोरून नेला आहे.

मोबाईलचे वर्णन: कंपनी व मॉडेल, रंग, दोन्ही आयएमईआय क्रमांक, त्यातील सिमचा क्रमांक, खरेदीची तारीख, बिलाची रक्कम 16,499 रु., सध्याची अंदाजे किंमत 9,000 रु.

तरी कलम 303(2) अन्वये गुन्हा नोंदवून एफआयआरची प्रत विनामूल्य द्यावी, तसेच या अर्जाची पोच दुसऱ्या प्रतीवर द्यावी, ही विनंती."

वेळा मिनिटांत लिहा असे मी सांगते, कारण स्टँडचे सीसीटीव्ही चित्रीकरण ठरावीक दिवसांनी पुसले जाते आणि पोलिसांना कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंतचे पाहायचे ते नेमके सांगावे लागते. मैत्रिणीच्या फोनमधल्या कॉलची नोंद तुमची 6.55 ची वेळ पक्की करेल, तिचा स्क्रीनशॉट जोडा. आयएमईआय 15 अंकी असतो. तो खोक्यावर आणि बहुतेक बिलांवर सापडतो. एक अंक चुकला तर पुढचा सगळा शोध वाया जातो, म्हणून दोनदा मोजा.

आता पोच. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांच्याकडे राहील, दुसरीवर ठाण्याचा शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही, नाव, बक्कल नंबर घ्या. नुसता शिक्का असेल तर 'आवक क्रमांक टाकून द्या' एवढे शांतपणे म्हणा. पोच म्हणजे एफआयआर नाही, हेही लक्षात असू द्या. पोच सांगते की अर्ज पोहोचला. एफआयआरची प्रत मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(2) प्रमाणे मोफत मिळणे हा तुमचा हक्क आहे, आणि विमा कंपनीला तीच हवी आहे. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले आहे.

तरीही नोंद करत नसतील तर तिथे वाद घालत बसू नका. त्याच अर्जाची प्रत पोलीस अधीक्षकांना (शहरात आयुक्तालय असेल तर पोलीस उपायुक्तांना) कलम 173(4) चा उल्लेख करून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. त्यानंतरही हालचाल झाली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. तिथे पहिला प्रश्न हाच असतो: आधी ठाण्यात आणि मग अधीक्षकांकडे गेलात याचा पुरावा कुठे? पोच आणि पोस्टाची पावती या दोन कागदांवर तो अर्ज उभा राहतो.

पोच हातात आली की फोन केंद्र सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर, म्हणजे ceir.gov.in वर ब्लॉक करा. तिथे पोलीस तक्रारीची प्रत आणि तिचा क्रमांक विचारतात, आणि ओटीपी तुमच्या नंबरवर येतो. नव्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस येत नसतात, तुमचे ते झाले आहेत. ब्लॉक केल्यावर मिळणारा रिक्वेस्ट आयडी लिहून ठेवा, फोन सापडल्यावर ब्लॉक काढायला तो लागतो. बँकेचे खातेही आजच तपासा. पैसे गेलेले दिसले तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, कारण ती वेगळी तक्रार आहे आणि तिथे तास मोजले जातात.

बिलाची मूळ प्रत कुणालाही देऊ नका, झेरॉक्स जोडा. फोन सापडला आणि मुद्देमाल म्हणून जमा झाला, तर तो न्यायालयातून परत घेताना मालकी दाखवायला तेच बिल लागेल.