रेफरल बोनसचे धोरण: पात्रता, पैसे देण्याची वेळ आणि नवागत लवकर गेला तर काय

प्रश्न: आमच्या कंपनीसाठी एम्प्लॉयी रेफरल योजनेचे धोरण लिहायचे काम माझ्याकडे आले आहे. कोण पात्र, पैसे केव्हा द्यायचे आणि रेफर केलेला माणूस लवकर सोडून गेला तर काय करायचे, हे कसे लिहावे म्हणजे नंतर वाद होणार नाहीत?

उत्तर:

मी बरीच वर्षे मनुष्यबळ विभागात वेतनाशी संबंधित काम केले आहे. रेफरल बोनसवरून माझ्यापर्यंत आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक रकमेबद्दल नव्हत्या, त्या तारखांबद्दल होत्या. म्हणून तारखांपासूनच सुरुवात करतो. पात्रतेकडे नंतर वळू.

एक प्रकरण सविस्तर सांगतो. धोरणात एकच ओळ होती: ‘शिफारस केलेल्या उमेदवाराने ९० दिवस पूर्ण केल्यावर बोनस दिला जाईल.’ नवी कर्मचारी १ मार्चला रुजू झाली. रुजू होण्याचा दिवस धरून मोजले तर तिचा नव्वदावा दिवस २९ मे हा येतो; ‘तीन महिने’ असे लिहिले असते तर तो ३१ मे आला असता. तिने २० मे रोजी राजीनामा दिला. नोटीसचा काळ तीस दिवसांचा असल्यामुळे ती १९ जूनला कार्यमुक्त झाली. पगाराची माहिती दर महिन्याच्या २० तारखेला बंद होत असे, त्यामुळे २९ मे रोजी देय झालेली रक्कम मेच्या पगारात येणे शक्यच नव्हते. ती जूनच्या पगारात, म्हणजे ३० जूनला जमा व्हायची होती. तोपर्यंत ती कंपनीत नव्हती. विभागाने बोनस रोखला आणि शिफारस करणारा सहकारी चिडला.

त्याचे म्हणणे असे की अट ९० दिवसांची होती आणि ती पूर्ण झाली. विभागाचे म्हणणे असे की नव्वदाव्या दिवशी ती नोटीसवर होती आणि पैसे द्यायच्या दिवशी तर गेलेलीच होती. माझ्या मते सहकाऱ्याची बाजू बरोबर होती, कारण नोटीसचा उल्लेख धोरणात कोठेही नव्हता, आणि लिहिलेल्या शब्दांत संदिग्धता असेल तर तिचा फायदा ते शब्द न लिहिणाऱ्याला मिळावा. शेवटी बोनस दिला गेला, पण दोन महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर.

यावरचा उपाय म्हणजे धोरणात दोन वेगळ्या तारखा नावानिशी लिहिणे. ज्या दिवशी हक्क निर्माण होतो तो पात्रता दिनांक, आणि ज्या पगारासोबत रक्कम जमा होते तो देय दिनांक. अट तपासायची ती फक्त पात्रता दिनांकाला. देय दिनांक पगाराच्या वेळापत्रकाप्रमाणे पुढे सरकतो आणि त्यावर शिफारस करणाऱ्याचा काहीच ताबा नसतो, म्हणून त्या सरकण्याचा तोटा त्याच्या माथी मारू नये. मी कलम साधारण असे लिहीन:

‘उमेदवार रुजू झाल्याचा दिवस पहिला धरून नव्वदावा दिवस हा पात्रता दिनांक होय. त्या दिवशी उमेदवार कंपनीच्या सेवेत असेल आणि त्याने राजीनामा दिलेला नसेल आणि कंपनीनेही त्याला नोटीस दिलेली नसेल, तर बोनस देय होईल. तो पात्रता दिनांकानंतर ज्या पगाराची माहिती प्रथम बंद होईल, त्या पगारासोबत जमा केला जाईल. पात्रता दिनांकानंतर उमेदवाराने सेवा सोडली तरी या हक्कावर परिणाम होणार नाही.’

नोटीसवरच्या माणसाला मोजायचे की नाही, हा कंपनीचा निर्णय आहे. मला न मोजणे योग्य वाटते, पण ते आधी लिहिलेले असले पाहिजे. बिनपगारी दीर्घ रजा आणि त्याच समूहातील दुसऱ्या कंपनीत बदली यांबद्दलही एकेक वाक्य असावे. ‘परिवीक्षा पूर्ण होऊन कायम झाल्यावर’ अशी अट मात्र टाळा. परिवीक्षेचा काळ वाढवणे व्यवस्थापकाच्या हातात असते, आणि त्याने कागद वेळेवर पाठवला नाही की बोनस महिनोन्‌महिने लटकतो.

आता लवकर सोडून जाण्याबद्दल. अनेक धोरणांत बोनस रुजू होताच देतात आणि माणूस सहा महिन्यांत गेला तर तो शिफारस करणाऱ्याच्या पगारातून वसूल करू असे लिहितात. मी या पद्धतीच्या विरुद्ध आहे, आणि त्याची कारणे व्यवहारातली आहेत. पगारातून काय कापता येते यावर अनेक देशांच्या कायद्यांत मर्यादा आहेत आणि काही ठिकाणी आगाऊ लेखी संमतीशिवाय कपात करताच येत नाही, म्हणून हे कलम ठेवायचेच असेल तर ते स्थानिक कायदा जाणणाऱ्याला दाखवावे. दुसरा गुंता कराचा: बोनस सहसा पगारासारखाच करपात्र असतो, त्यामुळे हातात कापून आलेली रक्कम पडते आणि वसुली मात्र पूर्ण रकमेची होते, मग वर्ष उलटल्यावर तो फरक कोणी सोसायचा, हा नवा वाद उभा राहतो. शिवाय नव्या माणसाला न आवडणारा व्यवस्थापक मिळाला म्हणून तो गेला, तर दंड शिफारस करणाऱ्याला का?

त्यापेक्षा पैसे थोडे उशिरा द्यावेत आणि दिलेले परत मागू नयेत. अर्धी रक्कम नव्वदाव्या आणि उरलेली अर्धी एकशे ऐंशीव्या दिवशी, अशी विभागणी मला सोयीची वाटते. वरच्या उदाहरणात १ मार्चपासून १८० वा दिवस २७ ऑगस्ट येतो. माणूस मध्येच जुलैत गेला तर दुसरा हप्ता देय होतच नाही आणि पहिला कोणी परत मागत नाही. वसुलीचा अपवाद एकच ठेवावा: शिफारस करताना जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे चौकशीत सिद्ध झाले तर.

जाण्याचे कारणही पाहावे. राजीनामा, गैरवर्तनामुळे किंवा कामगिरीमुळे सेवासमाप्ती, यांत पुढचा हप्ता थांबतो. पण कंपनीने पदच रद्द केले किंवा उमेदवाराचे निधन झाले, तर शिफारस चुकली असे म्हणता येत नाही. अशा वेळी पुढचा हप्ता द्यावा, असे मी सुचवतो. उलट बाजूही लिहा: शिफारस करणारा स्वतःच सोडून गेला तर? पात्रता दिनांकाला तो सेवेत हवा, अशी अट बहुतेक ठिकाणी असते, आणि ती पुरेशी स्पष्ट आहे. पात्रता दिनांक उलटल्यावर तो गेला, तर मिळवलेली रक्कम त्याच्या अंतिम हिशेबात द्यावी.

पात्रतेत कळीचा मुद्दा म्हणजे उमेदवार नेमका कोणाचा. भरती विभागातील लोक, त्या पदाचा निवड करणारा व्यवस्थापक आणि त्याचे वरिष्ठ यांना त्या पदासाठी बोनस नसावा, कारण निर्णय त्यांच्याच हातात असतो. बाकीच्यांसाठी नियम वेळेचा: उमेदवाराने स्वतः अर्ज करण्यापूर्वी शिफारस पोर्टलवर नोंदलेली असावी, आणि दोघांनी एकच नाव दिले तर आधीची नोंद ग्राह्य. ‘मीच त्याला अर्ज करायला सांगितले होते’ हे खरे असले तरी नोंद नसेल तर ते तपासता येत नाही. उमेदवार आधीच भरती एजन्सीकडून आला असेल किंवा गेल्या बारा महिन्यांत त्याचा अर्ज संग्रहात असेल, तर शिफारस नवी मानू नये. नोंदीची मुदत सहा महिने ठेवावी. त्या काळात तो दुसऱ्याच पदावर घेतला गेला तरी बोनस द्यावा, पण त्या पदासाठी ठरलेल्या दराने.

दर बदलत राहतात, म्हणून शेवटची ओळ दराची असावी: प्रत्येक पदासाठी शिफारस नोंदल्याच्या दिवशी जाहीर असलेला दर लागू होईल. असे न लिहिल्यास दर कमी केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ज्यांचे उमेदवार अजून ९० दिवसांच्या आत आहेत असे सगळे तुमच्या टेबलापाशी उभे राहतील.