इंटरव्ह्यू झाला, आता पॅनलला मेल काय लिहायचा?

अगं,

तू पाठवलेला ड्राफ्ट वाचला. खरं सांगू का, त्यात चूक अशी काहीच नाहीये, पण तोच मेल कुठल्याही कंपनीला, कुठल्याही पोस्टसाठी पाठवता येईल आणि नेमका तिथेच घोळ आहे. "आपण अमूल्य वेळ दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार, आपल्या प्रतिष्ठित संस्थेत काम करायला मला नक्कीच आवडेल" हे पॅनलवाल्यांनी इतक्यांदा वाचलेलं असतं की डोळे त्यावरून घसरून जातात. मी स्वतः बऱ्याच वेळा पॅनलवर बसलेय, त्यामुळे सांगते, असा मेल आला की आपण "छान" म्हणतो, मेल बंद करतो आणि अर्ध्या तासाने कुणाचा होता तेही आठवत नाही.

आधी वेळेचं बघू, कारण तू "दोन-तीन दिवसांनी पाठवते, लगेच पाठवलं तर उतावीळ वाटेल" असं म्हणालीस. नाही वाटत गं. इंटरव्ह्यू झाला की पॅनलमधले लोक आपापला फीडबॅक लिहितात, बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, कारण नंतर चार कँडिडेट डोक्यात एकमेकांत मिसळतात. मग ते एकत्र बसून बोलतात. तुझा मेल त्या बोलण्याच्या आधी पोचला तर त्याचा काहीतरी उपयोग, नंतर पोचला तर फक्त शिष्टाचार. म्हणून आज संध्याकाळी, फार तर उद्या सकाळी कामाची वेळ सुरू होता होता. घरी पोचून दहा मिनिटांत मात्र नको, कारण जे लिहायचंय ते तेवढ्यात सुचतच नाही.

आता कुणाला पाठवायचा. तुझ्या पॅनलवर तिघं होते ना, मॅनेजर मॅडम, टीममधले सिनिअर सर आणि एचआर. कॅलेंडरचं जे इन्व्हाइट आलं होतं ते उघड, त्यात सगळ्यांची नावं आणि बहुतेक वेळा मेल आयडीही दिसतात, नावाचं स्पेलिंग तिथूनच कॉपी कर, कानाने ऐकलेलं लिहू नकोस. आयडी दिसत असतील तर तिघांना मिळून एकच मेल लिही. वेगवेगळे तीन लिही असं सांगणारेही खूप लोक आहेत, पण होतं काय की तिन्हींत नाव बदलून तोच मजकूर जातो आणि ते तिघं शेजारी शेजारी बसलेले असतात, एकाने दुसऱ्याला दाखवलं की संपलं. आयडी नसतील तर अंदाजाने बनवू नकोस, आडनावाच्या आधी टिंब लावून वगैरे, आणि पर्सनल नंबर शोधून मेसेज तर अजिबातच नको. एचआरनी इंटरव्ह्यूची वेळ कळवायला जो मेल केला होता त्यालाच रिप्लाय कर आणि शेवटी लिही की हे पॅनलपर्यंत पोचवाल का. त्याच मेलला रिप्लाय करण्यात फायदा असा की पोस्टचं नाव, तारीख सगळं खाली आपोआप असतं, वेगळा विषय लिहायची भानगड नाही.

एक अपवाद सांगून ठेवते. काही ठिकाणी, विशेषतः सरकारी किंवा परीक्षा-मार्कांवर चालणाऱ्या भरतीत, जाहिरातीतच लिहिलेलं असतं की निवड समितीशी परस्पर संपर्क केल्यास उमेदवारी रद्द होऊ शकते. तिथे आभाराचा मेलही करायचा नाही, इतकं सरळ आहे ते. तुझी ही खासगी कंपनी आहे आणि असं काही लिहिलेलं नाही, मी जाहिरात बघितली.

आता खरा मुद्दा. तू फोनवर मला जाता जाता एक गोष्ट सांगितलीस आणि ड्राफ्टमध्ये तिचा मागमूसही नाही! सिनिअर सरांनी विचारलं की सेल्सच्या रिपोर्टमध्ये महिन्याच्या विक्रीचा आकडा एक येतो आणि अकाउंट्सच्या रिपोर्टमध्ये दुसराच, तर तू काय करशील. तू म्हणालीस दोन्ही क्वेरी तपासेन, डुप्लिकेट एन्ट्री आहेत का बघेन. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे, आणि ते मान हलवून पुढच्या प्रश्नाकडे वळले हे तुझ्याही लक्षात आलं. मग घरी येताना तुला सुचलं की अरे, सेल्सवाले ऑर्डरच्या तारखेने मोजत असतील आणि अकाउंट्सवाले बिलाच्या तारखेने, म्हणजे महिनाअखेरच्या ऑर्डर एकीकडे या महिन्यात आणि दुसरीकडे पुढच्या महिन्यात. बरोबर! हाच तुझा मेल आहे. आभार आणि बाकी सगळं याच्या आजूबाजूला दोन-दोन ओळीत बसवायचं.

पण लिहिताना सूर सांभाळ. "मी त्या वेळी नर्व्हस होते, मला नीट उत्तर देता आलं नाही, सॉरी" असं लिहिलंस तर ज्यांना आठवत नव्हतं त्यांनाही आठवण करून दिलीस. माफी नको, सफाई नको, फक्त विचार पुढे ने. मी तुझ्या जागी असते तर साधारण असं लिहिलं असतं (तुमचं आधीचं बोलणं ज्या भाषेत झालंय त्याच भाषेत पाठव, इथे मी मराठीत लिहितेय):

"नमस्कार, आज रिपोर्टिंग अ‍ॅनालिस्टच्या पोस्टसाठी आपण तिघांनी वेळ दिलात त्याबद्दल आभार. टीमचं काम रोज कसं चालतं हे मॅडमनी सविस्तर सांगितलं, त्यामुळे या कामाचं चित्र बरंच स्पष्ट झालं.

सेल्स आणि अकाउंट्सचे आकडे जुळत नाहीत या सरांच्या प्रश्नावर मी नंतरही विचार करत होते. क्वेरी उघडण्याआधी मी दोन्ही टीमना विचारेन की विक्री कुठल्या तारखेला धरता, ऑर्डरच्या की बिलाच्या. महिन्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांच्या ऑर्डर वेगळ्या काढल्या की फरकातला किती भाग तिथलाच आहे हे कळेल. उरलेला फरक परत आलेला माल आणि टॅक्स धरलाय की नाही यात शोधेन, आणि मग डुप्लिकेटकडे वळेन.

अशा प्रकारची रिपोर्ट जुळवणी हाच या कामाचा मोठा भाग आहे हे ऐकून या पोस्टमधला माझा रस वाढला आहे. माझ्याकडून आणखी काही माहिती हवी असल्यास जरूर कळवा."

बस. खाली तुझं पूर्ण नाव आणि फोन नंबर. मोबाइलवर एका स्क्रीनवर, फार तर जरासं स्क्रोल करून संपला पाहिजे, कारण ते लोक दोन मीटिंगच्या मधे उभ्या उभ्या वाचणार आहेत. मधला परिच्छेद यापेक्षा लांबवू नकोस. चार कारणं सुचली म्हणून चारही सविस्तर लिहिलीस, वर एक्सेलची फाइल जोडलीस, तर मग तो मेल राहत नाही, न मागितलेला गृहपाठ होतो आणि समोरच्याला वाचायचं ओझं वाटतं. आणि हो, जे सुचलंय ते खरंच तुझं हवं, कारण पुढच्या राउंडला सर नक्की विचारणार की बरं, परत आलेला माल कसा शोधशील. तिथे गडबडलीस तर आधीच्या अर्ध्या उत्तरापेक्षा वाईट.

त्या "रस वाढला आहे" ओळीकडे जरा बघ. तुझ्या ड्राफ्टमध्ये "मी या पोस्टसाठी अत्यंत उत्सुक आहे" होतं. उत्सुक तर सगळेच असतात. पॅनलच्या डोक्यात मात्र एक वेगळीच शंका असते, ऑफर दिली तर ही येईल का, की दुसरीकडे जाण्याआधी फक्त चाचपून बघतेय. ती शंका "अत्यंत" म्हटल्याने जात नाही, त्यांनी इंटरव्ह्यूत सांगितलेल्या एखाद्या गोष्टीला धरून कारण दिलंस की जाते. आता यात एक पथ्य आहे, कारण खरं असलं पाहिजे. रोज आकडे जुळवत बसायचा तुला कंटाळा येणार असेल तर हे लिहू नकोस, दुसरं काही शोध, आणि काहीच सापडलं नाही तर पोस्टचाच परत विचार कर बाई.

पगार, सुट्ट्या, घरून काम, रिझल्ट कधी लागणार यातलं एकही या मेलमध्ये नको. दुसऱ्या ऑफरची तारीख डोक्यावर आहे असं तू म्हणाली होतीस, ते एचआरना एकट्यांना वेगळं कळव, स्वच्छ शब्दात, की अमुक तारखेपर्यंत मला तिकडे उत्तर द्यायचंय, पण माझी पसंती इथे आहे. ते पॅनलसमोर टाकलंस तर धमकीसारखं वाटतं, एचआरला मात्र ही माहिती खरंच लागते, कधी कधी त्याने निर्णय लवकरही होतो.

उत्तर नाही आलं तर हिरमुसू नकोस. खूप लोक अशा मेलला उत्तर देत नाहीत, काही जण एका ओळीत "थँक्स" लिहितात, त्यावरून निकाल काय असेल ते ताडत बसू नकोस, काहीच कळत नाही त्यातून. आणि हेही सांगते की इंटरव्ह्यू साफ फसला असेल तर मेलने तो तरत नाही. दोन कँडिडेट जवळपास सारखे असले किंवा एखाद्या उत्तराबद्दल पॅनल दोन मनांत असलं तरच तो थोडाफार उपयोगी पडतो. तुझं दुसऱ्या प्रकारातलं आहे असं मला वाटतंय.

एचआरनी दहा दिवसांत कळवतो म्हटलंय ना, मग दहा दिवस गप्प. ते उलटून वर कामाचे दोन दिवस गेले की एचआरना त्याच मेलखाली दोन ओळी, निर्णय कधीपर्यंत अपेक्षित आहे एवढंच. पॅनलला परत काही पाठवायचं नाही. त्यानंतरही शांतताच असेल तर आठवड्याने अजून एक, मग तो विषय सोडून बाकीचे अर्ज पुढे चालू ठेव, खरं तर ते आत्ताही थांबवू नकोस.

नवा ड्राफ्ट संध्याकाळी सातच्या आत मला टाक, मी लगेच बघते. पाठवताना टू मध्ये तिघं आहेत ना आणि जुन्या ड्राफ्टमधलं दुसऱ्या कंपनीचं नाव कुठे राहिलं नाहीये ना एवढं बघ, कारण तू पाठवलेल्यात दुसऱ्या परिच्छेदात ते होतं.

तुझी,
ताई