आवारपूरचा सिमेंट कारखाना एल अँड टीकडून अल्ट्राटेककडे कसा गेला?

प्रश्न: आमच्या नागपूरच्या घराला १९९५ साली एल अँड टीचे सिमेंट वापरले होते. तोच चंद्रपूर जिल्ह्यातल्या आवारपूरचा कारखाना आज अल्ट्राटेकचा कसा?

उत्तर: येथे कारखाना विकला गेला नाही, विभागच एका वेगळ्या कंपनीत गेला. एल अँड टीने २००० साली स्थापन केलेल्या एका उपकंपनीकडे विलगीकरण योजनेद्वारे सिमेंट व्यवसाय सोपवला, एल अँड टीच्या भागधारकांना त्या कंपनीचे समभाग मिळाले आणि नियंत्रण आदित्य बिर्ला समूहातल्या ग्रासिम कंपनीकडे गेले. तीच आजची अल्ट्राटेक. म्हणूनच कारखाना १९८०च्या दशकातला असूनही कंपनीचे नोंदणीवर्ष २००० दिसते, आणि केवळ नोंदणी पाहणारा हमखास फसतो.

तारखांच्या बाबतीत विशेष जपावे. योजनेची नियत तारीख, म्हणजे ज्या दिवसापासून व्यवसाय नव्या कंपनीचा धरायचा तो दिवस, १ एप्रिल २००३ होती, प्रत्यक्ष अंमल मात्र मे २००४ मध्ये झाला, त्यामुळे मधल्या वर्षाचे आकडे कोणत्या कंपनीच्या ताळेबंदात धरले आहेत, हे वार्षिक अहवालातील टिपांवरूनच कळते.

शेजारच्या गडचांदूरचा माणिकगड सिमेंट कारखाना मात्र अल्ट्राटेककडे सेंच्युरी टेक्स्टाइल्स कंपनीकडून २०१९ साली आला. दोन्ही कारखाने कोरपना तालुक्यातले, पण वाटा वेगळ्या. म्हणून शोध नेहमी कारखान्यापासून मागे न्यावा, कंपनीच्या नावापासून नव्हे.