सोया चंक्स कशाचे बनतात आणि रोज खावेत का?

प्रश्न: सोया चंक्स तेल काढलेल्या सोयाबीनच्या पिठाचेच असतात का? नाशिकला जिम लावल्यापासून रोज खातोय, चालेल ना?

हो, त्याच पिठाचे असतात, आणि रोज कोरडे 25-30 ग्रॅम खायला निरोगी माणसाला हरकत नाही. खात्री पाकिटावरच होते: घटकांत ‘डिफॅटेड सोया फ्लोअर’ लिहिलेलं असतं आणि फॅट 100 ग्रॅमला साधारण एक ग्रॅमच्या आत. अख्ख्या सोयाबीनमध्ये ते 20 ग्रॅमच्या आसपास असतं. तेल गेलेल्या पिठात पाणी घालून ते एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रातून उष्णतेने व दाबाने ढकलतात. बाहेर पडताच वाफ सुटून गोळा फुगतो, म्हणून तो आतून स्पंजसारखा. (रविवार कारंज्याच्या बाजारात सुटे घेतलेत तर लेबल वाचायची सोय नाही.)

गल्लत होते ती वजनात. लेबलवरचं 52 ग्रॅम प्रोटीन कोरड्या 100 ग्रॅमचं. भिजवून पिळल्यावर वजन जवळपास तिप्पट होतं, म्हणजे भिजलेल्या 100 ग्रॅममध्ये 17-18 ग्रॅमच. कोरडे 30 ग्रॅम घेतलेत तर 15-16 ग्रॅम मिळतं. बाकीचं डाळ, दही, अंडी यांतून येऊ द्या. कोरडे 100 ग्रॅम रोज हाणलेत तर पोट गॅसने तक्रार करेल. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलंत की त्रास थोडा कमी होतो.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर मात्र गोळी आणि सोया यांत चारेक तासांचं अंतर ठेवा, सोयामुळे ती नीट शोषली जात नाही.